टोकन टाकण्याआधी, गेटपासून फ्लशपर्यंत

‘मॅडम, दुसरी पार्टी उभी आहे. टोकन टाका, मी फ्लॅट धरून ठेवतो.’ पुण्यात भाड्याचं घर शोधणाऱ्या, पण अजून अमरावतीत किंवा रत्नागिरीत असलेल्या माणसाला हे हमखास ऐकावं लागतं. एजंट खोटंच बोलत असतो असं नाही. वाकड, हिंजवडीच्या पट्ट्यात बरा फ्लॅट फार दिवस रिकामा राहत नाही. पण टोकन म्हणून गेलेले पाच-दहा हजार परत मिळवणं किती अवघड असतं, हेही त्याला ठाऊक असतं. पुढे डिपॉझिटमधून वळते होणार असं सांगितलं जातं आणि बेत फिसकटला की तेच पैसे ‘नॉन-रिफंडेबल’ ठरतात. म्हणून घराचा व्हिडिओ मागायचा. तो हल्ली सगळेच मागतात. प्रश्न आहे तो कसा मागायचा, हा.

आधीच काढून ठेवलेला व्हिडिओ जवळपास निरुपयोगी. तो दोन वर्षांपूर्वीचा, नवा रंग ताजा असतानाचा असू शकतो. शेजारच्या इमारतीतल्या सॅम्पल फ्लॅटचा असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर वर ‘फॉरवर्डेड’ असं बारीक अक्षरात दिसलं, तर पाठवणाऱ्याने तो स्वतः काढलेला नाही एवढं नक्की. मधे कट असले की जिथे कट आहे तिथेच काहीतरी आहे असं मी धरून चालते. तेव्हा मागायचा तो लाइव्ह व्हिडिओ कॉल, आणि तोही दारापासून नव्हे, सोसायटीच्या गेटपासून.

माझ्या भाचीला अमरावतीहून वाकडला जायचं होतं. तिने पसंत केलेल्या पहिल्या टू बीएचकेचा व्हिडिओ झकास होता, मागे गाणंबिणं लावलेलं. तिने एजंटला म्हटलं, ‘दादा, उद्या गेटवर उभे राहून फोन करा, तिथून आपण वर जाऊ.’ आधी चावी भाडेकरूकडे होती, मग ओनर दुबईला होते, मग एजंटच गावाला गेला. टोकनचा क्यूआर कोड मात्र दरम्यान दोनदा आला. तिने तो फ्लॅट सोडून दिला. फ्लॅट खरंच होता की नव्हता हे कधीच कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

दुसऱ्या फ्लॅटचा एजंट गेटवर उभा राहिला. इथून कॅमेरा बंद करायचा नाही, हे आधीच ठरवून घ्यायचं. सोसायटीच्या नावाची पाटी, मग लॉबी. आपल्याकडच्या बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांत लॉबीत सभासदांच्या नावांचा बोर्ड असतो, फ्लॅट नंबरासमोर मालकाचं नाव. कॅमेरा त्यावर थांबवायला सांगायचा आणि आपल्या फ्लॅटसमोरचं नाव टिपून घ्यायचं. वॉचमन दिसला तर त्याच्याशी दोन शब्द: ‘काका, सहाशे दोन भाड्याने द्यायचाय ना? कुणाचा आहे?’ वॉचमनला खोटं बोलण्याचं काही कारण नसतं. शिवाय बॅचलर मुलींना किंवा मुलांना ही सोसायटी परवानगी देते का, हे एजंटपेक्षा त्याला अचूक माहीत असतं. मग लिफ्ट, दारावरचा नंबर आणि कुलपात फिरणारी चावी.

एवढ्याने सिद्ध होतं ते इतकंच की या माणसाकडे या फ्लॅटची चावी आहे. घर त्याचं आहे किंवा द्यायचा अधिकार त्याला आहे, हे नाही. काही दिवसांसाठी घर भाड्याने घेऊन तेच घर मालक म्हणून दुसऱ्यांना दाखवणारेही असतात. म्हणून बोर्डावरचं नाव, लाइट बिलावरचं नाव आणि ज्या खात्यात टोकन जाणार त्यावरचं नाव जुळवून पाहायचं. महावितरणचं बिल कित्येक ठिकाणी बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावरच राहिलेलं असतं, तेव्हा नाव वेगळं दिसलं म्हणून लगेच घाबरू नये. त्याऐवजी मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स टूची प्रत मागावी. खरा मालक थोडं कुरकुरतो, पण दाखवतो. खातं बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर तसं तो स्वतः सांगतो.

आता घरात. एजंटचा कॅमेरा हॉलमधून बाल्कनीकडे धावतो, कारण तिथून दिसणारं दृश्य विकलं जातं. त्याला थांबवून खाली फरशीकडे बघायला सांगायचं. मोबाइलची वाइड लेन्स खोलीला चांगली दीडपट फुगवते, फरशी मात्र फुगत नाही. बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतात. खात्रीसाठी एजंटला एका टाइलवर बुटासकट दोन पावलं पुढेमागे टेकवून ठेवायला सांगा. दोन बुटांत टाइल संपली तर ती दोन फुटी. वर चांगली ओंजळभर जागा उरली तर मोठी, आठशे मिलिमीटरची. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत टाइल्स मोजायच्या. भाचीला बेडरूम बारा बाय अकरा सांगितली होती. मोजल्यावर एका बाजूला साडेपाच टाइल्स आणि दुसऱ्या बाजूला पाच भरल्या, म्हणजे अकरा बाय दहा. दहा फुटांच्या बाजूला दोन फूट खोलीचं भिंतीतलं कपाट. तिचा सहा फुटी पलंग समोरच्या भिंतीला टेकवला तरी मधे उरणार दोनच फूट. घर नाकारण्याइतकं हे मोठं नव्हतं, पण पलंग अमरावतीहून टेम्पोत घालायचा की तिथेच विकायचा, हे त्यावरून ठरलं.

खरा वेळ द्यायचा तो पाण्याला आणि ओलीला. भाड्याच्या घरातली निम्मी भांडणं ओलीवरून होतात असं माझं मत आहे. बाथरूमचं छत आधी बघायचं: तपकिरी कडा असलेला डाग म्हणजे वरच्या मजल्याचं लिकेज. फॉल्स सीलिंग असेल तर डाग झाकलेला असतो, मग त्याच्या सांध्यांकडे बघायचं. नंतर बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, जमिनीपासून फूट-दीड फूट वर. तिथे पोपडे आलेले असतात किंवा पांढरा लोणा फुटलेला असतो. आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर का, हे विचारायचंच. एक युक्ती फार कामाची आहे. लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळपास टेकवून तिरका धरायला सांगा (व्हिडिओ चालू असताना बऱ्याच फोनमध्ये टॉर्च लागत नाही, तेव्हा वॉचमनचा घ्यावा). समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगवटे तिरक्या उजेडात सावली टाकतात आणि लपत नाहीत. भाचीच्या त्या फ्लॅटमध्ये हे सापडलं कपाटाच्या आत. खालचा खण उघडायला लावला तर प्लायवूड फुगून काळपट झालं होतं. पलीकडे बाथरूम. एजंट म्हणाला, ‘ते जुनं आहे, आता वाळलंय.’ वाळलंही असेल. मालकाने शिफ्टिंगआधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून द्यायचं, ही अट तिथेच घातली गेली.

स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला नळ एकाच वेळी पूर्ण सोडायला सांगायचा. धार मरते का बघायचं. फ्लश ओढून टाकी पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. एजंट हसतो, हसू दे. शॉवरची भोकं पांढऱ्या थराने बुजलेली असतील तर इमारतीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतंय. मात्र नळाला धार आहे म्हणजे पाणी आहे, असं समजू नये. ती धार गच्चीवरच्या टाकीची असते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९ च्या अखेरीस एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, आणि वाकड त्याच हद्दीत येतं. तेव्हा टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हा प्रश्न वॉचमनला आणि मालकाला दोघांनाही विचारायचा. उत्तरं वेगळी आली तर वॉचमनचं धरायचं.

मग एजंटला बेडरूममध्ये नेऊन खिडकी उघडायला लावायची आणि अर्धा मिनिट गप्प राहायला सांगायचं. हायवे, बांधकाम, खालचं मंगल कार्यालय, जे असेल ते ऐकू येतं. त्याच खोलीत दार लावल्यावर कॉल अडखळू लागला तर नेटवर्कही कळलं. घरून काम करणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं. वास मात्र कॅमेऱ्यातून येत नाही, आणि रात्री नऊनंतर तिथे काय चालतं हेही दुपारच्या कॉलमध्ये दिसत नाही. पुण्यात एखादा मित्र असेल तर त्याला संध्याकाळी नुसतं खालून चक्कर मारायला सांगावं.

घरात अजून भाडेकरू राहत असतील तर कॅमेरा त्यांच्या परवानगीनेच, आणि त्यांच्या सामानावर रेंगाळायचा नाही. पण फोनवर त्यांच्याशी बोलायला मिळालं तर सोनं: घर का सोडताय आणि डिपॉझिट परत मिळतंय का, एवढंच विचारायचं.

सगळं पटलं की पैशाआधी मेसेज जायला हवा, आणि तो मालकाच्या नंबरवर. भाचीने लिहिला तो असा: ‘फ्लॅट ६०२ साठी भाडं दरमहा २६,००० रुपये, मेंटेनन्स धरून. डिपॉझिट ७५,०००. टोकन १०,००० आज देत आहे, ते डिपॉझिटमधून वजा होईल. ताबा एक तारखेला, त्याआधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मालक करून देतील. मालकाकडून व्यवहार मोडल्यास किंवा सोसायटीने परवानगी न दिल्यास टोकन सात दिवसांत पूर्ण परत. मान्य असल्यास हो लिहा.’ ‘हो’ आल्यावर तिने आधी एक रुपया पाठवला, यूपीआयवर दिसलेलं बँकेतलं नाव बोर्डावरच्या नावाशी ताडलं आणि मग बाकीचे टाकले. रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स करार करणार का, हेही टोकनआधीच विचारावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. ‘कशाला, नुसती नोटरी करू’ म्हणणाऱ्याशी तिथेच थांबलेलं बरं.

एक प्रकार मात्र ओळखून ठेवावा. समोरचा स्वतःला लष्करातला किंवा सीआयएसएफमधला अधिकारी म्हणवतो, बदली झाली म्हणून घर भाड्याने देतोय सांगतो, ओळखपत्राचा फोटो स्वतःहून पाठवतो, आणि ‘आमच्या खात्याच्या नियमाप्रमाणे’ आधी त्याने पाठवलेला कोड स्कॅन करायला लावतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. अशा माणसाला गेटवरून व्हिडिओ कॉल करता येत नाही, कारण गेट त्याच्याकडे नसतंच. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते आणि गोठवणं अवघड होतं.

तो कॉल, एजंटला सांगून, रेकॉर्ड करून ठेवावा. ताबा घेताना चावी मिळाली की सामान आत जाण्याआधी तोच फेरा स्वतः पुन्हा चित्रित करून मालकाला पाठवावा: ओट्याच्या कडेचा टवका, बेडरूमच्या दारावरचा ओरखडा, कपाटाचा तो खालचा खण. अकरा महिन्यांनी घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं यावर बोलणं होतं, तेव्हा तारखेसकट पाठवलेल्या त्या व्हिडिओपुढे मालकाचं ‘हे आधी नव्हतं’ टिकत नाही.