सात मार्च की तीन जुलै?

गेल्या वर्षी आमच्या जमातीच्या शिष्यवृत्तीची यादी मशिदीच्या फलकावर लागली आणि दुसऱ्याच दिवशी एक भगिनी मुलीचा शाळेचा दाखला घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाईजान, मुलीला वय कमी म्हणून नाकारलंय. तिला तर मार्चमध्येच सोळा पूर्ण झाली." अट अशी होती की १ जून २०२५ रोजी अर्जदाराला सोळा वर्षे पूर्ण असावीत. दाखल्यावर जन्मतारीख होती ०७/०३/२००९, म्हणजे सात मार्च. मुलीला सोळा वर्षे होऊन जवळजवळ तीन महिने झाले होते. आमच्या यादीत मात्र तिच्या नावापुढे वय १५ होते.

यादी संगणकावर एक्सेलमध्ये मीच तयार केली होती. तारीख दाखल्याबरहुकूम टाईप केली होती आणि वय काढायला हे सूत्र दिले होते:

```
=DATEDIF(B2,DATE(2025,6,1),"Y")
```

सूत्र बरोबर होते आणि टाईप केलेले आकडेही बरोबर होते. चूक त्या दोहोंच्या मधे झाली होती.

आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात, कारण तिथे बोलतानाही "मार्च सात" असेच म्हणतात. संगणक कोणती पद्धत मानतो हे त्याच्या Region या सेटिंगवरून ठरते. तिथे "English (United States)" असेल तर ०७/०३/२००९ हे तो सातव्या महिन्याची तीन तारीख असे वाचतो. जमातीच्या संगणकावर नेमके तेच होते. एक्सेल तारीख आकड्याच्या रूपात साठवते. सात मार्च २००९ साठी तो आकडा ३९८७९ आहे आणि तीन जुलैसाठी ३९९९७. मुलगी यादीत ११८ दिवसांनी लहान झाली, आणि १ जून ही तारीख नेमकी त्या दोन तारखांच्या मधे पडत असल्याने तिचे एक वर्ष कमी भरले.

तुम्ही म्हणाल, मग सगळीच यादी का बिघडली नाही? खरी मेख इथेच आहे. १९/०३/२००९ टाईप केले तर संगणकाला एकोणिसावा महिना सापडत नाही. तो ती तारीख मानतच नाही, नुसती अक्षरे म्हणून ठेवतो, आणि वयाच्या रकान्यात #VALUE! असे दिसते. मला त्या रात्री अशा बऱ्याच ओळी दिसल्या होत्या. मी त्या एकेक करून 03/19/2009 अशा टाईप केल्या, वय आले, आणि काम संपले असे समजून संगणक बंद केला. ओरडणाऱ्या चुका मी दुरुस्त केल्या, गप्प बसलेल्या तशाच राहिल्या.

गप्प बसणाऱ्या चुका किती असतात, हे बोटांवर मोजता येते. दिवस बारा किंवा त्याहून कमी असेल तरच तो महिना म्हणून खपतो. बारा महिन्यांचे असे बारा-बारा दिवस मिळून १४४ तारखा होतात. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा बारा तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवशी जन्मलेल्यांची तारीख कोणतीही सूचना न देता बदलते, म्हणजे तिघांत एकाहून थोडी जास्तच.

शिवाय वर्ष बदलत नाही, त्यामुळे वय फार तर एकाने चुकते. सोळाच्या जागी साठ आले असते तर कोणीही थांबले असते. पंधरा आले तर कोण थांबणार? ज्याच्या खऱ्या आणि उलटलेल्या तारखेच्या मधे मुदतीची तारीख येते, त्याचेच वय चुकते. बाकीच्यांची जन्मतारीख चुकलेली असूनही वय बरोबर दिसते.

त्या भगिनी गेल्यावर मी सगळे दाखले पुन्हा काढले. ०५/११/२००९ ही तारीख असलेला एक मुलगा सापडला. पाच नोव्हेंबरचा जन्म, म्हणजे १ जूनला पंधराच वर्षांचा; संगणकाने अकरा मे वाचून त्याला सोळाचा केले होते आणि तो निवडला गेला होता. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशांची ती यादी होती. एकीचा हक्क गेला होता आणि एकाला नसलेला मिळाला होता. समितीने यादी मागे घेतली, फलकावर कारण लिहिले आणि नवी यादी लावली.

आता यादी तपासताना मी आधी रकान्याचे स्वरूप dd-mmm-yyyy करतो. मग महिना आकड्याऐवजी नावाने दिसतो आणि 03-Jul-2009 पाहताच दाखल्याशी विसंगती कळते. पण ध्यानात ठेवा, स्वरूप बदलल्याने चूक फक्त दिसते, दुरुस्त होत नाही; आत साठलेला आकडा तोच राहतो. दुसरी खूण रकान्याच्या कडेला असते. एक्सेल खरी तारीख आपणहून उजवीकडे लावते आणि अक्षरे डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसली तर उजवीकडच्या तारखांवर संशय घ्या. आपले लक्ष जाते डावीकडच्यांकडे, पण निदान त्यांच्यात दाखल्यावरचे आकडे जसेच्या तसे शाबूत असतात.

दिवस आणि महिना सूत्राने अदलाबदल करण्याचा मोह होतो. माझ्यासारखे काही तारखा हाताने बदललेल्या असतील तर तो घात करतो: एकोणीस मार्च २००९ उलटवली की एक्सेल एकोणिसावा महिना पुढच्या वर्षात मोजून ३ जुलै २०१० करते. म्हणून मूळ कागद समोर घेऊनच दुरुस्ती करावी. नवी यादी सुरू करण्याआधी विंडोजच्या Region मध्ये "English (India)" निवडावे. दुसऱ्याकडून आलेली यादी असेल तर Text to Columns मध्ये Date पुढे DMY निवडावे, आणि तेही तारखा अजून अक्षरांच्या रूपात असतानाच.

घरातही हे लागते. आपल्याकडे अनेक बुजुर्गांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. ०१/०६ उलटले की ६ जानेवारी होते. १ जून १९६६ ची तारीख असलेले अब्बा १ मार्च २०२६ रोजी ५९ वर्षांचे असतात, उलट वाचणाऱ्या यादीत मात्र साठ पूर्ण. अमेरिकेतल्या नातलगांकडे जाण्यासाठी फॉर्म भरताना चौकटीखाली MM/DD/YYYY लिहिलेले असेल तर आधी महिनाच भरावा लागतो. जिथे निवड आपल्या हाती असेल तिथे 2009-03-07 असे लिहावे. वर्ष, महिना, दिवस हा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीतही जन्मतारीख याच क्रमाने असते, फक्त वर्षाचे शेवटचे दोन आकडे घेऊन.

त्या भगिनींनी आणलेला दाखला मी नंतर पुन्हा पाहिला. आकड्यांच्या खाली "अक्षरी" असा शब्द होता आणि त्यापुढे शाईने लिहिले होते: सात मार्च दोन हजार नऊ. यंदाच्या आमच्या अर्जात जन्मतारखेसाठी तीन वेगळ्या चौकटी आहेत, आणि महिन्याच्या चौकटीत नाव लिहायचे आहे, आकडा नाही.