जुन्या शेअरचा पत्ता शोधताना

वडिलांच्या कपाटात कागदी शेअर प्रमाणपत्र सापडते. त्यावर छापलेला रजिस्ट्रारचा पत्ता बहुधा कालबाह्य असतो, कारण कंपन्या रजिस्ट्रार बदलतात आणि रजिस्ट्रारांची नावेही बदलतात. 'लिंक इनटाइम' आता 'एमयूएफजी इनटाइम' झाली आहे. म्हणून पहिले पत्र कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला लिहावे.

पत्र चार ओळींचे पुरे: भागधारकाचे नाव, फोलिओ क्रमांक, ताज्या वार्षिक अहवालाची छापील प्रत हवी असल्याची विनंती आणि सध्याच्या रजिस्ट्रारचा पत्ता व ईमेल. अहवाल एरवी ईमेलनेच येतो, पण भागधारकाने मागितल्यास नोंदणीकृत कंपनीने छापील प्रत द्यायची असते. वारसाने स्वतःचे नाते आणि भागधारकाचे निधन पत्रात स्पष्ट लिहावे. बँक तपशील किंवा सहीचा नमुना मात्र या पत्रात देऊ नये. ते नंतर रजिस्ट्रारकडे आयएसआर फॉर्मसोबत जातात. शेअर डिमॅटमध्ये असतील, तर पत्ताबदल डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडेच होतो.

उशीर महागात पडतो. सलग 7 वर्षे लाभांश न घेतल्यास शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.