जुळलेली तेरीज आणि सुटलेल्या चुका

तेरीज जुळली की हिशेब बरोबर, ही समजूत अकरावीच्या वर्गात मनात शिरते आणि पदवी हातात आली तरी जात नाही. तेरीज पत्रक, म्हणजे ट्रायल बॅलन्स, फक्त एक गोष्ट सांगते: खतावणीतल्या नावे बाक्यांची बेरीज जमा बाक्यांच्या बेरजेइतकी आहे. रक्कम योग्य खात्याला लागली की नाही, एखादा व्यवहार वहीत यायचा राहून गेला की काय, याबद्दल ते काहीच सांगत नाही. म्हणून चुका शोधण्याच्या प्रश्नात विद्यार्थ्याला पहिल्याप्रथम एक गोष्ट कळायला हवी. ही चूक तेरजेला दिसते की दिसत नाही? पुढचे सगळे उत्तर यावर उभे राहते, आणि माझ्या मते गुणदानही यावरच उभे राहायला हवे.

चार प्रकारचे प्रश्न

पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांत हे प्रश्न साधारण चार रूपांत येतात. पहिल्यात विस्कटलेली तेरीज दिलेली असते आणि ती नीट मांडायची असते. खरेदी परत नावे बाजूला, विक्री परत जमेला, आणि भर म्हणून अखेरचा माल तेरजेत बसवलेला. अखेरच्या मालाचे खाते वर्षभर खतावणीत नसते, त्यामुळे एरवी तो तेरजेत येत नाही. ज्याला हे कळले त्याचा हा प्रश्न सुटतो. इथे खात्यांची ओळख तपासली जाते, शोध कमी असतो.

दुसऱ्या रूपात तेरीज काढण्याआधीच चूक सापडलेली असते. एकाच खात्यात गडबड असेल तर त्या खात्याच्या योग्य बाजूला रक्कम लिहून दुरुस्ती होते, पूर्ण नोंद लागत नाही. तिसऱ्या रूपात तेरीज जुळत नाही, फरक तात्पुरता उचंत खात्यात, म्हणजे सस्पेन्समध्ये, टाकलेला असतो आणि चुका नंतर सापडतात. चौथ्यात त्या पुढच्या वर्षी सापडतात. मागच्या वर्षाचे विक्री खाते आणि भाडे खाते तोवर बंद झालेले असते, म्हणून त्यांच्या जागी नफातोटा समायोजन खाते वापरावे लागते.

या चारांत तिसरे रूप सर्वांत बोलके आहे. त्यात शोध आहे, नोंद आहे, आणि आपले उत्तर तपासण्याची सोयही आहे. म्हणून एक प्रश्न पूर्ण सोडवू.

एका कापड व्यापाऱ्याची तेरीज

वर्षअखेरीस नावे बाजूची बेरीज आली 1,86,450 रुपये आणि जमेची 1,84,740. नावे बाजू 1,710 रुपयांनी जास्त, म्हणून उचंत खात्याला 1,710 जमा करून तेरीज तात्पुरती बसवली. मग वह्या तपासताना पाच चुका सापडल्या.

1. विक्री पुस्तकाची बेरीज 900 रुपयांनी कमी झाली होती.
2. मोहन या ऋणकोकडून आलेले 540 रुपये रोख पुस्तकात बरोबर होते, पण त्याच्या खात्याला जमेऐवजी नावे बाजूला खतावले गेले.
3. नवे यंत्र बसवण्याची 1,500 रुपये मजुरी मजुरी खात्याला नावे पडली.
4. भाड्याचे 3,850 रुपये रोख पुस्तकात बरोबर होते, भाडे खात्यात मात्र 3,580 लिहिले गेले.
5. सुरेशला केलेली 2,000 रुपयांची उधार विक्री विक्री पुस्तकात लिहायचीच राहिली.

आता प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारायचा: बिघाड एका बाजूला झाला की दोन्हीकडे सारखा? पहिलीत ग्राहकांच्या खात्यांत रकमा बरोबर गेल्या, कमी पडली ती फक्त विक्री खात्याची जमा. म्हणजे जमा बाजू 900 ने कमी. दुसरीत दोन गोष्टी घडल्या: जमेला हवे असलेले 540 आले नाहीत आणि नको असताना नावे बाजूला 540 चढले. परिणाम 1,080 चा. चौथीत नावे बाजू 270 ने कमी. तिसरी आणि पाचवी चूक तेरजेला दिसतच नाही. तिसरीत 1,500 रुपये नावे पडले, पण चुकीच्या खात्याला. पाचवीत नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्याच राहून गेल्या. 900 आणि 1,080 यांतून 270 वजा केले की 1,710 येतात. फरकाचा हिशेब लागला.

दुरुस्तीच्या नोंदी अशा होतात:

1. उचंत खाते नावे 900. विक्री खाते जमा 900.
2. उचंत खाते नावे 1,080. मोहन खाते जमा 1,080.
3. यंत्र खाते नावे 1,500. मजुरी खाते जमा 1,500.
4. भाडे खाते नावे 270. उचंत खाते जमा 270.
5. सुरेश खाते नावे 2,000. विक्री खाते जमा 2,000.

उचंत खात्याच्या जमेला आधीचे 1,710 आणि भाड्याचे 270 मिळून 1,980 होतात. नावे बाजूला 900 आणि 1,080 मिळूनही 1,980च. खाते बंद झाले. मोहनची बाकी दुरुस्तीनंतरही नावे राहते असे धरले, तर नवी तेरीज दोन्ही बाजूंना 1,87,640 रुपयांवर जुळते.

खरा धडा याच्या पुढे आहे. विक्री 2,900 ने वाढली, मजुरी 1,500 ने घटली, भाडे 270 ने वाढले. यंत्रावरचा वाढीव घसारा बाजूला ठेवला, तर नफा 4,130 रुपयांनी वाढतो. मोहनच्या दुरुस्तीचा नफ्याशी संबंध नाही. या 4,130 पैकी 3,500 रुपये तेरजेला न दिसलेल्या दोन चुकांचे आहेत. व्यापाऱ्याने केवळ 1,710 चा फरक सोडवून वही मिटली असती, तर नफ्यातला सर्वांत मोठा बिघाड तसाच राहिला असता.

नऊचा भाग आणि निम्मी रक्कम

चुका सांगितलेल्या नसतील आणि हाती फक्त फरक असेल, तर शोधाला क्रम लागतो. आधी तेरजेच्या दोन्ही बेरजा पुन्हा करायच्या. मग प्रत्येक बाकी खतावणीतून बरोबर आणि योग्य बाजूला उतरली का ते पाहायचे. त्यानंतर फरकाची निम्मी रक्कम कुठे दिसते का ते पाहायचे, कारण रक्कम उलट्या बाजूला गेली तर फरक दुप्पट पडतो. फरकाला नऊने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. 3,850 चे 3,580 झाले तेव्हा 8 आणि 5 ने जागा बदलल्या. त्यांच्यातला फरक 3 आणि जागा शतक-दशकाची, म्हणून 3 गुणिले 90, म्हणजे 270. शून्य सुटून 450 चे 45 झाले तरी फरक 405 पडतो आणि त्यालाही नऊने भाग जातो.

पण ही युक्ती चूक एकच असेल तेव्हाच उपयोगी. वरच्या उदाहरणातल्या 1,710 ला नऊने नेमका भाग जातो. त्यावरून कोणी केवळ अदलाबदल शोधू लागला तर भाड्याची चूक सापडेल, बाकीच्या सुटतील. 1,710 चे निम्मे 855, आणि ही रक्कम कुठल्याच वहीत नाही. प्रश्न काढणाऱ्याने असा आकडा जाणूनबुजून निवडावा. नऊने भाग गेला की एक शक्यता पुढे येते, एवढेच. पुरावा शेवटी मूळ पावती आणि रोजकीर्दीतच मिळतो, हे विद्यार्थ्याला त्यातून उमगते.

गुण कशाला द्यायचे

हाच प्रश्न 20 गुणांचा धरू. प्रत्येक चुकीचा तेरजेवरचा परिणाम, बाजू आणि रकमेसह, सांगण्याला 1 गुण, असे 5. प्रत्येक नोंदीला 2, असे 10: योग्य खात्यांना अर्धा, योग्य बाजूंना एक, रकमेला अर्धा. उचंत खात्याला 3: आरंभीची बाकी योग्य बाजूला घेतल्याचा 1, स्वतःच्या नोंदी त्यात बरोबर उतरवल्याचा 1, आणि शेवटची बाकी जशी येईल तशी दाखवल्याचा 1. नफ्यावरच्या परिणामाला 2, म्हणजे विक्रीतली 900 ची आणि 2,000 ची भर, मजुरीतली घट आणि भाड्यातली वाढ या चारांना प्रत्येकी अर्धा. मोहनची रक्कम नफ्यात धरली तर अर्धा कापावा.

आता नेहमी दिसणारी तीन चुकीची उत्तरे पाहू. पहिल्या उत्तरात मोहनची नोंद 1,080 ऐवजी 540 ने झालेली असते. खाती आणि बाजू बरोबर आहेत, रकमेचा अर्धा गुण जातो. त्या विद्यार्थ्याच्या उचंत खात्यात 540 ची बाकी उरणारच. ती त्याने तशीच दाखवली, तर उचंत खात्याचे तीनही गुण त्याला द्यावेत. त्याच चुकीपायी परिणामाच्या भागातही पुन्हा कपात नको. एका चुकीला एकदाच दंड. बाकी सगळे बरोबर असेल तर त्याला साडेएकोणीस मिळायला हवेत.

दुसऱ्या उत्तरात तीच 540 ची नोंद आहे, पण शेवटी ‘फरक 540’ अशी मनाची ओळ घालून खाते बंद केलेले असते. दिसायला ते उत्तर नीटनेटके असते. घाईत तपासताना बंद झालेले खाते पाहून पूर्ण गुण दिले जातात आणि प्रामाणिक बाकी ठेवणाऱ्याचे कापले जातात. हे सर्वस्वी उलट आहे. बाकीचा 1 गुण या उत्तराला मिळू नये.

तिसऱ्या उत्तरात सुरेशच्या विक्रीच्या दुरुस्तीत उचंत खाते आणलेले असते. ज्या चुकीने तेरीज ढळलीच नाही तिच्या दुरुस्तीत उचंत खात्याला जागा नाही. या नोंदीला अर्ध्याहून अधिक गुण देऊ नयेत, कारण प्रश्न ज्यासाठी विचारला तेच इथे समजलेले नाही.

संगणकावर काय उरते

आज दुकानांतून आणि लेखापालांच्या कार्यालयांतून टॅलीसारखी आज्ञावली चालते. तिथे नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय व्हाउचर साठवले जात नाही आणि बेरजा यंत्रच करते. त्यामुळे चुकलेली बेरीज, उलट्या बाजूला खतावणी, खतावताना बदललेले अंक, या चुका जवळपास संपल्या. एक जागा उरते ती आरंभीच्या बाक्यांची. त्या भरताना फरक राहिला, तर तेरजेत `Difference in opening balances` अशी ओळ दिसते. जे उरले ते न दिसणारे: व्यवहार टाकायचाच राहणे, भलत्या ग्राहकाच्या नावे पडणे, भांडवली खर्च महसुली खर्चात जाणे. मजुरी खात्यातले ते 1,500 रुपये संगणकाने बिनतक्रार स्वीकारले असते.

म्हणून प्रश्नपत्रिकेतले माप बदलायला हवे. पाच चुकांपैकी निदान तीन तेरजेला न दिसणाऱ्या असाव्यात आणि नफ्यावरच्या परिणामाला आणखी गुण असावेत. शिक्षकांना आणि परीक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे: या वर्षीची उत्तरपत्रिका तपासताना उचंत खाते बंद झाले का हे शेवटी पाहा. आधी नोंदी वाचा, आणि ज्याने उरलेली बाकी न लपवता दाखवली आहे त्याचा गुण कापू नका.