भरपाईचा मेसेज असा लिहा की ग्राहकाला परत विचारावं लागू नये

व्हिडिओत मी एका ताईचा व्हॉट्सअॅप मेसेज स्क्रीनवर दाखवला होता. तो थांबवून वाचायला वेळ मिळाला नसेल, म्हणून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही मेसेज इथे पूर्ण देतोय.

हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याची ही ताई. घरच्या हळदीची पावडर करून पाकिटं कुरियरने पाठवते. नाशिकच्या एका काकूंनी अर्ध्या किलोची ४ पाकिटं मागवली. एक पाकीट १८० रुपयांना, म्हणजे ७२० रुपये, वर कुरियरचे ११०. एकूण ८३० रुपये काकूंनी आधीच भरले होते. खोका पोहोचला तेव्हा एका बाजूने ओला होता. २ पाकिटं फुटलेली, तिसऱ्यात ओल गेलेली, चौथं फक्त धड. काकूंनी लगेच फोटो पाठवले. त्यावर ताईने पाठवलेला मेसेज असा:

"प्रिय ग्राहक, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कुरियरकडून झालेल्या नुकसानीबाबत आपणास पुढील ऑर्डरवर ५० टक्क्यांपर्यंत सूट अथवा अंशतः परतावा, यांपैकी लागू असेल तो लाभ देण्यात येईल. २४ तासांत उत्तर न आल्यास आपण प्रस्ताव स्वीकारला असे समजण्यात येईल. अटी लागू."

काकूंचं एका ओळीचं उत्तर आलं: "म्हणजे मला नक्की काय मिळणार?" त्यानंतर दोन दिवस शांतता. ताई मला म्हणाली, "सर, मी तर ५० टक्के देऊ केले, तरी त्या बोलेनात." आणि या काकू साध्या ग्राहक नव्हत्या. त्यांच्या बिल्डिंगमधली आणखी पाच घरं त्यांच्या सांगण्यावरून हळद मागवायची.

गडबड कुठे झाली?

पहिली गोष्ट, रक्कमच नाही. "पर्यंत" या शब्दात ५ टक्केही बसतात आणि ५० टक्केही. "लागू असेल तो" म्हणजे ठरवणार कोण? शिवाय पुढच्या ऑर्डरवरची सूट ही भरपाई होत नाही. हिशोब करा. ७२० च्या ऑर्डरवर ३६० रुपये सूट मिळवायची, तर काकूंनी आधी खिशातून आणखी ३६० काढायचे. ज्यांचं आत्ताच नुकसान झालंय, त्यांना आपण अजून खर्च करायला सांगतोय.

दुसरी गोष्ट, "उत्तर आलं नाही तर मान्य समजू." हे चालत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात होकार शब्दांतून किंवा कृतीतून द्यावा लागतो. समोरचा गप्प बसला म्हणजे हो म्हणाला, असं आपण एकट्याने ठरवू शकत नाही.

तिसरी गोष्ट, कुरियरचं नाव पुढे करणं. कुरियर ताईने निवडला, काकूंनी नाही. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. माल सदोष निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. कुरियरकडून आपल्याला काय मिळतं, हा आपला वेगळा हिशोब. त्यांची जबाबदारी अनेकदा पावतीवर ठराविक रकमेपुरतीच लिहिलेली असते. तो दावा नक्की करा, पण त्याच्यासाठी ग्राहकाला थांबवू नका.

आधी आकडा, मग शब्द

मेसेज लिहायच्या आधी आम्ही वहीवर रक्कम काढली. खराब पाकिटं ३, म्हणजे ५४० रुपये. कुरियरचे ११० पूर्ण परत. एकूण ६५०. धड पाकिटाचे १८० ताईकडे राहतात.

दुसरा पर्याय म्हणजे ३ नवी पाकिटं मोफत. ताईला एक पाकीट सगळा खर्च धरून १२० ला पडतं. तीन पाकिटांचे ३६० आणि कुरियरचे ११०, म्हणजे ४७०. तिच्यासाठी हा पर्याय स्वस्त आहे. पण निवड काकूंची, म्हणून दोन्ही द्यायचे आणि दोन्ही सारखेच स्पष्ट लिहायचे. स्वस्त पर्याय वर आणि दुसरा खाली बारीक अक्षरात, असं करू नका.

नवा मेसेज

"नमस्कार काकू, फोटो पाहिले. ४ पैकी ३ पाकिटं खराब पोहोचली. पॅकिंग आमचं होतं, माफ करा.

तुम्हाला यातलं जे हवं ते सांगा:

पैसे: ६५० रुपये परत (३ पाकिटांचे ५४० + कुरियरचे ११०).
पाकिटं: ३ नवी पाकिटं, कुरियरसकट मोफत.

काय करायचं: याच नंबरवर 'पैसे' किंवा 'पाकिटं' एवढंच लिहा. पैसे हवे असतील तर सोबत तुमचा यूपीआय आयडी पाठवा. पैसे त्याच दिवशी टाकते. पाकिटं दुसऱ्या दिवशी कुरियरला देते.

मी कुठलीही लिंक किंवा क्यूआर कोड पाठवणार नाही. पिन, ओटीपी कुणालाच देऊ नका.

खराब पाकिटं परत पाठवायची नाहीत. ओल लागलेली हळद वापरू नका, टाकून द्या. चांगलं पाकीट तुमचंच.

नवी पाकिटं २० तारखेपर्यंत बाजूला ठेवते. पैसे नंतर कळवलं तरी मिळतील. यापेक्षा वेगळं काही हवं असेल तर मोकळेपणाने सांगा."

लिंकची ओळ का घातली, ते समजून घ्या. "तुमचा परतावा आला आहे, इथे क्लिक करा" असे फसवणुकीचे मेसेज लोकांना रोज येतात. आपला खरा मेसेजही तसाच दिसला, तर शहाणा ग्राहक उत्तरच देणार नाही. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन पैसे देताना लागतो. म्हणून परतावा देताना पैशाची रिक्वेस्ट किंवा स्कॅन करायला कोड चुकूनही पाठवू नका.

तारखेचंही तसंच. मुदत नव्या पाकिटांना आहे, कारण माल किती दिवस अडवून ठेवायचा ते ताईला ठरवावं लागतं. काकूंच्या पैशांना मुदत नाही.

काकूंचं उत्तर अर्ध्या तासात आलं: "पाकिटं." समजा "पैसे" आलं असतं, तर आयडी टाकल्यावर स्क्रीनवर दिसणारं नाव काकूंना विचारून जुळवायचं, पैसे टाकायचे आणि यूटीआर नंबर लगेच कळवायचा. पैसे गेल्याचा पुरावा दोघांकडे राहतो. ताईने नवी पाकिटं पाठवताना आत जाड प्लास्टिकची पिशवी घातली, आणि पाकिटं मिळाल्याचा काकूंचा मेसेज ऑर्डरच्या वहीत नोंदवून ठेवला.

पाठवायच्या आधी एक चाचणी

मेसेज घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला या ऑर्डरचं काहीच माहीत नाही. मग तीनच प्रश्न विचारा: किती मिळणार? कधी मिळणार? मिळण्यासाठी काय करायचं? एकाही उत्तराला तो अडखळला, तर ती ओळ परत लिहा. ताईने तिच्या सासूबाईंना वाचायला दिला होता. पहिल्या मसुद्यात "लवकरच पाठवते" असं होतं. सासूबाई म्हणाल्या, "लवकर म्हंजी कवा?" तिथेच "त्याच दिवशी" आणि "दुसऱ्या दिवशी" हे शब्द आले.

आता तुमच्या फोनमधला शेवटचा माफीचा मेसेज उघडा आणि त्यात रुपयांचा आकडा आहे का ते बघा. नसेल, तर आज तो एकच मेसेज नव्याने लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!