बासष्ट घरे आणि एकतीस डॉमिनो

बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात, आणि डॉमिनो नावाची जी लांबट सोंगटी असते ती जर अशा मापाची घेतली की तिच्याखाली लागून असलेली नेमकी दोन घरे झाकली जावीत, तर बत्तीस डॉमिनोंनी सगळा पट सहज झाकता येतो. प्रत्येक आडव्या ओळीत चार सोंगट्या निजवल्या की काम संपले. आता पटाचा डावीकडचा खालचा कोपरा आणि उजवीकडचा वरचा कोपरा, म्हणजे एकाच कर्णाच्या दोन टोकांना असलेली दोन घरे, कापून टाकावीत. बासष्ट घरे उरतात. एकतीस डॉमिनोंच्या खाली बरोबर बासष्ट घरे मावतात. तेव्हा एकही घर उघडे न टाकता आणि एकही सोंगटी दुसरीवर किंवा पटाबाहेर न जाऊ देता हा उरलेला पट एकतीस डॉमिनोंनी झाकता येईल काय, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न छापील रूपात मॅक्स ब्लॅक यांच्या ‘क्रिटिकल थिंकिंग’ या 1946 सालच्या ग्रंथात आढळतो. ब्लॅक यांचा जन्म बाकू येथला, बालपण व शिक्षण इंग्लंडातले आणि अध्यापन अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातले. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांचा ग्रंथ तर्कशास्त्राचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण या कोड्यात गणिताचे म्हणावे असे ज्ञान जवळजवळ लागत नाही, लागते ते केवळ काय मोजावे याचे भान. पुढे 1954 साली सॉलोमन गोलोम्ब यांनी पटावर बसणाऱ्या आकृत्यांवरील आपल्या निबंधात त्याची चर्चा केली, 1957 साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात ते मांडले, आणि तेव्हापासून ते सर्वतोमुखी झाले.

ज्याने हे कोडे प्रथमच ऐकले तो स्वाभाविकपणे सोंगट्या मांडूनच पाहतो, आणि त्याला येणारा अनुभव ठरीव असतो. पहिल्या वीस-बावीस सोंगट्या विनासायास बसतात, पुढच्या काही फेरफार करून बसवता येतात, फार कौशल्य दाखवले तर तिसावी सोंगटीही बसते. परंतु एकतिसावी हातात धरली असता पटावर दोन घरे शिल्लक असतात आणि ती कधीच एकमेकांना लागून नसतात. मग मनुष्य मांडणी मोडतो आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून आरंभ करतो. येथे खरी अडचण अशी आहे की, कितीही वेळा अपयश आले तरी त्यावरून हे काम अशक्य आहे असे सिद्ध होत नाही. मांडण्यांची संख्या एवढी अफाट आहे की तिची मोजदाद हाताने होणारी नव्हे: अखंड पट बत्तीस डॉमिनोंनी झाकण्याच्या रीती 1,29,88,816 आहेत, असे कास्टेलाइन यांनी एकीकडे आणि टेम्पर्ली व फिशर यांनी दुसरीकडे 1961 साली काढलेल्या सूत्रावरून निघते. सगळ्या रीती तपासून झाल्यावर नकार देण्याचा मार्ग म्हणून सामान्य माणसाला बंदच आहे.

आता घरांचे रंग पाहावेत. पटावर कोणत्याही काळ्या घराच्या शेजारी, आडवे जा अथवा उभे जा, पांढरेच घर असते. म्हणून डॉमिनो कोठेही आणि कशीही ठेवली तरी तिच्याखाली एक काळे आणि एक पांढरे अशीच जोडी येणार. एकतीस डॉमिनो ठेवल्या तर एकतीस काळी आणि एकतीस पांढरी घरे झाकली गेलीच पाहिजेत. परंतु कर्णाच्या दोन टोकांना असलेले कोपरे एकाच रंगाचे असतात. डावीकडचा खालचा कोपरा काळा, आणि तेथून सात घरे उजवीकडे व सात घरे वर, अशी चौदा पावले चालून आपण समोरच्या कोपऱ्यावर येतो. प्रत्येक पावलाला रंग पालटतो आणि चौदा ही संख्या सम आहे, म्हणून तो कोपराही काळाच. दोन्ही कापले की काळी घरे तीस आणि पांढरी बत्तीस उरतात. तीस आणि बत्तीस यांचा मुकाबला एकतीस-एकतीसशी होणे नाही. पट झाकता येणार नाही. इतकेच नव्हे, तर तीस सोंगट्यांनंतर जी दोन घरे उरतात ती दोन्ही पांढरी असतात, आणि दोन पांढरी घरे कधीच लागून नसतात, म्हणून शेवटची सोंगटी दर वेळी हातातच राहते, हेही याच हिशेबावरून उलगडते.

या सिद्धतेतील जी गोष्ट मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती अशी की, कोड्याच्या शब्दांत रंगाचा उल्लेख कोठेच आवश्यक नाही. डॉमिनोला रंग दिसत नाहीत. तिला केवळ शेजार कळतो. आपल्याकडील अष्टापदाचा जुना पट एकरंगीच होता. आठ गुणिले आठ घरे, काही ठरावीक घरांवर फुल्यांसारख्या खुणा, आणि काळ्या-पांढऱ्याचा भेद मुळीच नाही. दुरंगी पटाचा उल्लेख दहाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात, स्वित्झर्लंडमधील आइनसीडेल्नच्या मठातील एका लॅटिन काव्यात येतो. मोहऱ्यांच्या चाली डोळ्याला सुलभ व्हाव्यात, एवढाच त्या रंगांचा उपयोग. अष्टापदाचे कोपरे कापले असते तरी उत्तर हेच आले असते, परंतु ते शोधणाऱ्याला रंग स्वतःच्या बुद्धीने भरावे लागले असते. आज दुरंगी पट समोर असल्यामुळे आपले अर्धे काम फुकटात झालेले आहे, आणि तरीही बहुतेकांना ते दिसत नाही.

रंगांवाचून हे सिद्ध करता येईल काय? येते, आणि तो मार्गही पाहण्यासारखा आहे. सर्वांत खालच्या ओळीत कोपरा गेल्यामुळे सात घरे आहेत. आडव्या सोंगट्या त्यांतील सम घरे व्यापतात, तेव्हा खालच्या दोन ओळींच्या सीमेवर उभ्या ठेवलेल्या सोंगट्यांची संख्या विषम असली पाहिजे. त्या विषम सोंगट्यांनी दुसऱ्या ओळीतील तितकीच घरे घेतली. आठांतून विषम वजा जाता विषम उरतात. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या ओळींमधली सीमा ओलांडणाऱ्या सोंगट्याही विषमच. याप्रमाणे वर चढत गेले असता सातही सीमांवर विषम संख्या येते, आणि सात विषम संख्यांची बेरीज विषम असते. अर्थात एकूण उभ्या सोंगट्या विषम. स्तंभांना हाच न्याय लावला की आडव्या सोंगट्याही विषम ठरतात. विषम आणि विषम मिळून सम होते, आणि आपल्याजवळ सोंगट्या तर एकतीस आहेत. विरोध सिद्ध झाला, रंगाचे नावही न काढता.

ही दुसरी सिद्धता निर्दोष असली तरी माझ्या मते ती पहिलीहून दुबळी आहे, आणि तिचे दुबळेपण एका उदाहरणाने स्पष्ट होते. पटावरून दोनाऐवजी चार काळी घरे काढावीत. उरलेली साठ घरे तीस डॉमिनोंनी झाकायची. सम-विषमाचा वरील विचार केला तर उभ्या आणि आडव्या सोंगट्या मिळून सम येतात, आणि तीस ही सम संख्याच आहे. तो विचार येथे मूक होतो. रंगांचा हिशेब मात्र अठ्ठावीस काळी आणि बत्तीस पांढरी असे तत्काळ दाखवतो आणि निकाल देतो. सम-विषमाच्या युक्तिवादाला तूट आहे की नाही एवढेच, आणि तेही कधी कधीच, कळते. रंगांना ती तूट किती आहे हे कळते.

येथे विचारी वाचक उलट प्रश्न करील: समान रंगाची दोन घरे काढली तर नकार निश्चित, हे मान्य, पण एक काळे आणि एक पांढरे घर काढले तर होकार निश्चित आहे काय? काळी एकतीस आणि पांढरी एकतीस असा ताळा जमला, एवढ्यावरून सोंगट्या बसतीलच असे म्हणता येत नाही, कारण हिशेब जमणे निराळे आणि मांडणी सापडणे निराळे. या प्रश्नाचे उत्तर गणितज्ञ राल्फ गोमोरी यांनी दिले, आणि रॉस हॉन्सबर्गर यांच्या 1973 सालच्या ‘मॅथेमॅटिकल जेम्स’ या पुस्तकातून ते प्रसिद्ध झाले. गोमोरी यांनी पटावर एक बंद वाट आखली. खालच्या डाव्या कोपऱ्यातून पहिल्या स्तंभाने सरळ वर जावे. सर्वांत वरच्या ओळीने उजव्या काठापर्यंत यावे. एक ओळ खाली उतरून डावीकडे परतावे, मात्र पहिल्या स्तंभाला न शिवता दुसऱ्या स्तंभापाशीच वळावे. आणि असे नागमोडी उतरत सर्वांत खालच्या ओळीने पुन्हा आरंभीच्या कोपऱ्यात यावे. चौसष्टही घरे या वाटेवर एकेकदा येतात आणि त्यांचे रंग आळीपाळीने पालटत जातात. आता या वाटेवरचे कोणतेही एक काळे आणि कोणतेही एक पांढरे घर उचलले की वाटेचे दोन तुकडे होतात (ती दोन घरे वाटेवर लागून असली तर एकच). प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला पांढरे व दुसऱ्या टोकाला काळे घर असल्यामुळे त्यातील घरांची संख्या सम असते, आणि तुकड्यावरून चालत एकामागून एक डॉमिनो ठेवत गेले की तो पुरता झाकला जातो. म्हणजे दोन घरे काढण्याच्या बाबतीत रंगांचा निकाल दोन्ही बाजूंनी अखेरचा आहे.

चार घरांच्या बाबतीत मात्र तसे नाही, आणि येथेच या युक्तीची मर्यादा येते. खालच्या डाव्या काळ्या कोपऱ्याला दोनच शेजारी असतात, एक उजवीकडे आणि एक वर, दोन्ही पांढरे. ते दोन्ही काढावेत, आणि तोल साधण्यासाठी पटाच्या मध्यभागातील दोन काळी घरे काढावीत. काळी तीस, पांढरी तीस. रंगांची तक्रार उरली नाही. तरी कोपऱ्यातले ते काळे घर एकटे पडलेले आहे आणि त्याच्यावर डॉमिनो बसणे शक्य नाही. अशा ठिकाणी साऱ्या पटाची एकदम गणती करून भागत नाही. काळ्या घरांचा एखादा गट निवडून त्यांना मिळून किती पांढरे शेजारी आहेत हे पाहावे लागते, आणि शेजारी गटापेक्षा कमी भरले की तेथे नकार पक्का होतो. काळी व पांढरी घरे सारखी असतील आणि असा एकही तुटीचा गट सापडत नसेल तर मांडणी असतेच, हे इंग्लंडमधील फिलिप हॉल यांच्या 1935 सालच्या प्रमेयावरून निघते. आपल्या मूळ कोड्यात बत्तीस पांढरी घरे आणि त्यांचे अवघे तीस काळे शेजारी हाच तो तुटीचा गट होय.

रंगांची कल्पना सुचणे आणि न सुचणे यांत केवढे अंतर आहे, याचा दाखला संगणकशास्त्राने दिला. जॉन मॅकार्थी यांनी 1964 साली स्टॅनफर्ड येथे लिहिलेल्या एका टिपणात हे कोडे यांत्रिक सिद्धतेच्या पद्धतींपुढे कठीण कसोटी म्हणून ठेवले: घरे आणि शेजार एवढेच यंत्राला सांगायचे, रंग सांगायचे नाहीत. त्या काळी प्रतिष्ठित असलेल्या ‘रेझोल्यूशन’ पद्धतीने, म्हणजे विधानांतून विधाने काढत विरोधापर्यंत जाण्याच्या रीतीने, हे सिद्ध करू गेल्यास पट मोठा होत जाईल तसतशी सिद्धतेची लांबी घातांकाच्या वेगाने वाढते, असे दान्चेव्ह आणि रीस यांनी 2001 साली दाखवले. पट हजार गुणिले हजार घरांचा केला तरी रंगांच्या सिद्धतेत एका वाक्याचीही भर पडत नाही.

ज्यांना ही रीत स्वतःच्या हाताने चालवून पाहायची असेल त्यांनी दहा गुणिले दहा घरांचा कागदी पट आखून तो एका ओळीत चार घरे झाकणाऱ्या पंचवीस पट्ट्यांनी झाकण्याचा प्रयत्न करावा. तेही अशक्य आहे. परंतु अशी पट्टी दोन काळी व दोन पांढरी घरे झाकते, आणि पटावर पन्नास काळी व पन्नास पांढरी असल्यामुळे दोन रंग तेथे काहीच सांगत नाहीत. चार रंग घेऊन ते तिरप्या ओळींनी क्रमाने भरावेत, आणि प्रत्येक रंगाची घरे मोजून पाहावीत.