बोल्टच्या फोटोत आटे कसे तपासावेत

कॅटलॉगमधला बोल्टचा फोटो पाहून कारखानदार माल मागवतो, म्हणून त्यातले आटे खरे दिसायलाच हवेत. एम १० चा साधा बोल्ट घ्या. त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, १.५ मिमी असते. मग फोटोतल्या ३० मिमी लांबीत २० आटे मोजता आले पाहिजेत. बोल्ट उभा धरला, की उजव्या आट्यांच्या रेषा उजवीकडे किंचित चढतात, जेमतेम तीन अंशांनी. पानाच्या मांडणीसाठी कुणी फोटो आरशासारखा उलटवला, तर तोच बोल्ट डाव्या आट्यांचा दिसतो. ही चूक फार सहज होते. बोल्ट वरखाली फिरवला तर मात्र आटे बदलत नाहीत.

प्रकाशाची अडचण वेगळी आहे. चकचकीत पोलाद समोरचं सगळं परावर्तित करतं. थेट फ्लॅश मारला की पांढरा डाग पडून त्याखालचे आटे नाहीसे होतात. त्यामुळे दिवा दुधी अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यामागे, एका बाजूला ठेवतात. चारही बाजूंनी सारखा उजेड दिला, तर खाचांतली सावली जाते आणि आटे सपाट भासतात. कडा पार्श्वभूमीत मिसळू लागल्या, तर चौकटीबाहेर काळा पुठ्ठा उभा करतात. त्याचं प्रतिबिंब बोल्टच्या कडेला स्वच्छ गडद रेघ देतं.