अकरा फुटी भिंत आणि दहा मीटरचा रोल

वडोदऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकात चितारल्या गेल्या, तेव्हा चित्रकाराला भिंतीच्या उंचीची धास्ती नव्हती, कारण हाताने काढलेलं चित्र भिंतीच्या मापाने वाढतं. वॉलपेपर कारखान्यातून ठरलेल्या मापाचा येतो. बाजारात सर्रास मिळणारा युरोपीय मापाचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. त्याचं क्षेत्रफळ ५७ चौरस फूट, म्हणून दुकानदार भिंतींचे चौरस फूट काढतो, दारं-खिडक्या वजा करतो, वर दहा टक्के नासाडी धरतो आणि ५७ने भागतो. हा हिशेब झटपट होतो, पण दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याकडच्या उंच छताच्या जुन्या घरांत तो हमखास दगा देतो. भिंतीवर चौरस फूट चिकटत नाहीत, छतापासून खालपर्यंतचे अखंड पट्टे चिकटतात. त्यामुळे मोजायचे ते पट्टे.

बारा बाय अकरा फुटांची, अकरा फूट उंचीची खोली घेऊ. एक दार तीन बाय सात फुटांचं, एक खिडकी चार बाय चार फुटांची. दुकानी हिशेबाने भिंती ५०६ चौरस फूट भरतात. त्यातून दार-खिडकी वजा जाऊन ४६९ उरतात आणि दहा टक्के धरून रोल येतात नऊ, फार तर दहा. आता पट्टे मोजू. खोलीचा घेर ४६ फूट, म्हणजे १४.०२ मीटर. त्याला ०.५३ने भागलं की २६.४५ येतात, म्हणजे २७ पट्टे. उंची ३.३५ मीटर, आणि वर-खाली कापून सरळ करायला दहा सेंटिमीटर जास्त, म्हणजे पट्टा ३.४५ मीटरचा. दहा मीटरच्या रोलमधून असे दोनच निघतात. तिसऱ्याला जेमतेम ३० सेंटिमीटर कमी पडतात. म्हणजे रोल लागले चौदा.

दार-खिडकीमुळे बरेच पट्टे वाचतील, असा आक्षेप येईल. पण पट्टा वाचतो तो पूर्णपणे उघड्या जागेत बसला तरच. चार फुटी खिडकीत असा एक पट्टा नक्की बसतो. तीन फुटी दारात बसेलच असं नाही, कारण चौकटीच्या कडेला चाटून जाणारा पट्टाही पूर्ण लांबीचाच लावावा लागतो. खात्रीची बचत एका पट्ट्याची, म्हणून रोल तेरा. प्रत्येक रोलमागे उरणारे तीन मीटर दाराच्या माथ्यावर आणि खिडकीच्या वर-खाली वापरता येतात, पण त्यांचा पूर्ण पट्टा होत नाही. दहा टक्क्यांचा नियम नेमका इथे फसतो: ही नासाडी टक्क्यांनी वाढत नाही, भिंत एका ठरावीक उंचीपलीकडे गेली की एकदम उडी मारते.

या उडीला खाली आणता येतं. चार इंची स्कर्टिंग आणि छतालगतची दोन इंची पट्टी सोडून मोजलं, तर कागदाची उंची ३.२० मीटर राहते. पट्टा ३.३० मीटरचा होतो, रोलमधून तीन निघतात आणि २६ पट्ट्यांना नऊ रोल पुरतात. पण हे साध्या किंवा नक्षी न जुळवायच्या कागदालाच लागू आहे. नक्षी दर ६४ सेंटिमीटरला परत येत असेल, तर प्रत्येक पट्टा नक्षीच्या त्याच जागी सुरू व्हावा लागतो, ३.३० मीटरसाठी सहा फेरे, म्हणजे ३.८४ मीटर खर्ची पडतात आणि पुन्हा दोनच पट्टे. त्याच खोलीला साधा कागद नऊ रोल, नक्षीचा तेरा!

नव्या फ्लॅटमधल्या दहा फुटी भिंतीला ही भीती कमी, कारण ३.१५ मीटरच्या पट्ट्याला पाच फेऱ्यांचे ३.२० मीटर लागतात आणि तीन पट्टे बसतात. तिथे घोळ होतो तो लेबलवर ६४/३२ छापलेलं असेल तर. याचा अर्थ शेजारचा पट्टा नक्षीच्या अर्ध्याने, ३२ सेंटिमीटरने सरकवून जुळवायचा. कारागिराने एकाच रोलमधून ओळीने पट्टे कापले, तर प्रत्येक वेळी अर्धा फेरा फुकट जातो आणि तिसरा पट्टा १४ सेंटिमीटरने अपुरा पडतो. दोन रोल उघडून एकातून सगळे एकी पट्टे आणि दुसऱ्यातून बेकी कापले, की दोन्हींतून तीन-तीन निघतात. कापण्याचा क्रम बदलला, एवढंच.

जुन्या घरात छत क्वचितच सरळ असतं. म्हणून उंची प्रत्येक भिंतीवर निदान तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत मोठी धरावी आणि पहिला पट्टा ओळंब्यावर लावावा. एक रोल जादा घ्यावा, पण त्याच बॅच नंबरचा. नंतर आणलेल्या वेगळ्या बॅचच्या रोलची छटा शेजारच्या पट्ट्याशी जुळेलच असं नाही, आणि तो फरक भिंतीवर चढल्यावरच दिसतो. दुकानात जाताना चौरस फुटांचा आकडा नेऊ नका. घेर, कागदाची उंची आणि दारा-खिडक्यांची मापं न्या, आणि पैसे देण्याआधी लेबलवरचा नक्षीचा आकडा वाचा.